छाडाछाडी, काडीमोड आणि बागबाजारचा घाट

कोलकात्याच्या उत्तर टोकाला, गंगेच्या काठावर बागबाजार नावाची जुनी वस्ती आहे. तिथल्या एका गल्लीचं नाव ‘मराठा डिच लेन’. डिच म्हणजे खंदक. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात शिरल्या, तेव्हा कोलकातेकरांनी घाबरून बागबाजारपासून शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, सहा महिन्यांत जेमतेम तीन मैल खणून झाला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. पुढं १७९९ मध्ये खंदकाचा मोठा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. खंदक गेला, पण बर्गींची, म्हणजे आपल्याच बारगिरांची, भीती घालून बाळाला झोपवणारी अंगाई बंगालात आजही म्हणतात.

माझी मैत्रीण मूळची नाशिकची. घटस्फोटानंतर नोकरीच्या निमित्तानं तिनं बागबाजारात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तिच्या घरमालकीण काकिमा पहिल्याच दिवशी हसत म्हणाल्या, “अगं बाई, बर्गी आले की आमच्या घरात!” गंमतच होती ती. पण मैत्रीण मला म्हणाली, “बघ, पावणेतीनशे वर्षं झाली. खंदक बुजला, सरकारं बदलली, तरी दोष गाण्यात बसलाय म्हणून टिकलाय. माझ्याबद्दलही असं एखादं वाक्य कुठंतरी बसून राहील.”

तिच्या त्या बोलण्यानंतर मी या विषयाकडं नीट बघायला लागले. लग्न मोडलेल्या माणसाला लोक काय म्हणतात, आणि तो माणूस स्वतःबद्दल काय म्हणतो? यातलं काय दोष चिकटवतं आणि काय चिकटवत नाही?

आधी लोकांच्या म्हणी. “टाळी एका हातानं वाजत नाही” ही सगळ्यांत जास्त ऐकू येणारी. वरवर पाहता ती कुणाचीच बाजू घेत नाही. पण जरा थांबून पाहिलं तर ती दोष काढून टाकत नाही, दोन ठिकाणी वाटून देते. समोरची बाई कोर्टातून दमून आलेली असते आणि तिच्या ताटात अर्धा वाटा वाढला जातो. मोजमाप कुणी केलं, हे कुणी सांगत नाही. “घरोघरी मातीच्या चुली” या म्हणीची गंमत तर आणखी वेगळी. नवरा-बायकोत कुरबूर चालू असते तेव्हा ती धीर देते, सगळ्यांकडं असंच असतं म्हणून सांगते. तीच म्हण घटस्फोटानंतर उच्चारली तर टोमणा होतो, कारण मग तिचा अर्थ होतो की बाकीच्या बायका त्याच चुलीवर रांधतायत, तुलाच काय झालं होतं? “भांड्याला भांडं लागायचंच” याचंही तेच. शब्द बदलत नाहीत, बोलायची वेळ बदलते, आणि त्यामुळं धीराची म्हण ठपक्याची होते.

बंगालीत याच जातीची एक म्हण आहे, ‘जे सय, से रय’, म्हणजे जो सोसतो तो टिकतो. रामकृष्ण परमहंसांच्या नावावर तर अशी कोटी सांगतात की बंगाली वर्णमालेत तीन ‘स’ आहेत ते उगाच नाहीत. सोस, सोस आणि सोस असा त्यांचा अर्थ. नांदत्या घरातल्या मुलीला ही म्हण ऐकवली तर तिचा अर्थ ‘निघू नकोस’ असा होतो. पण काकिमांनी ती माझ्या मैत्रिणीला ऐकवली तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. ती टिकलेली होती, समोर बसून मुरी, म्हणजे आपले मुरमुरे, खात होती. तेव्हा तीच म्हण निव्वळ वस्तुस्थिती सांगत होती. म्हणून ‘घटस्फोटितांसाठी चांगल्या म्हणी’ अशी यादी करून कुणाच्या हातात देण्यावर माझा फारसा विश्वास नाही. म्हण औषधासारखी आहे. ती कधी घ्यायची ते कळलं नाही तर चांगली म्हणही बाधते.

आता मूळ शब्दाकडं येऊ. घटस्फोट हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्यातला घट आपल्याला दिसतच नाही. धर्मशास्त्रात घटस्फोट हा बहिष्काराचा विधी आहे. महापातक केलेल्या माणसाला जातीबाहेर टाकायचं तर त्याचे नातलग जमत, पाण्यानं भरलेला घट दासीकडून पायानं लवंडवत आणि तो माणूस मेला असं धरून सुतक पाळत. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात हे सगळं आलंय. म्हणजे हा शब्द जन्मला तोच दोषी कोण हे ठरल्यानंतर. नवरा-बायकोच्या फारकतीला तो चिकटला तो नंतर, आणि येताना त्यानं ते जुनं लवंडलेलं पाणीही थोडं बरोबर आणलं. कुणी ‘ती घटस्फोटित आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात काहीतरी फुटल्याचा आवाज होतो, त्याचं कारण शब्दातच आहे.

त्याच अध्यायात पुढं एक गोष्ट आहे, ती मात्र आपण विसरलो. प्रायश्चित्त घेऊन तो माणूस परत आला की नातलगांनी त्याच्यासोबत पुण्यजलाशयात स्नान करायचं आणि पाण्यानं भरलेला नवा घट त्या पाण्यात सोडायचा. फुटक्या घटाचे तुकडे जोडत बसायला तिथं कुणी सांगितलेलं नाही. घट नवा आणायचा.

धर्मशास्त्र ज्यांच्या दारात फारसं गेलंच नाही, त्या महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत या गोष्टीला दुसरे शब्द होते. त्यातला एक काडीमोड. पंचांपुढं काडी मोडायची आणि संबंध संपल्याचं जाहीर करायचं. मला हा शब्द फार आवडतो. काडी मोडली की दोन तुकडे होतात, त्यातला खरा कोणता आणि खोटा कोणता हे कुणी विचारत नाही. दुसरा शब्द फारकत. तो ‘फारखती’वरून आला. फारिग म्हणजे मोकळा आणि खत म्हणजे लेख. देणं फिटलं की सावकार कुळाला फारखती लिहून द्यायचा, की आता तुझ्याकडं माझं काही येणं नाही. शब्द हिशेबाचा आहे. वही मिटली, इतकंच तो सांगतो. तिसरा शब्द सोडचिठ्ठी, आणि यात मात्र कोणी कोणाला सोडलं हा प्रश्न मागच्या दारानं आत येतो, कारण चिठ्ठी देणारा बहुतेक वेळा पुरुषच असायचा. जातपंचायती फार दयाळू होत्या असं मला म्हणायचं नाही. दंड, जेवणावळी, अपमान सगळं तिथं होतं. पण शब्द त्यांनी चांगले घडवले होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंही कलम २९ मध्ये रूढीनं होणाऱ्या अशा फारकतींना जागा ठेवली आहे. ती रूढी खरोखर चालत आलेली आहे हे मात्र सिद्ध करावं लागतं.

काकिमांनी वापरलेला बंगाली शब्द मला या सगळ्यांहून सरस वाटला. पहिल्या आठवड्यात त्यांनी जिन्यातच विचारलं, “छाडाछाडी होये गेछे?” बंगालीत ‘छाडा’ म्हणजे सोडणं. ‘मारामारी’ म्हणजे एकमेकांना मारणं, ‘हाताहाती’ म्हणजे एकमेकांवर हात टाकणं, तसंच ‘छाडाछाडी’ म्हणजे एकमेकांना सोडणं. शब्द दुहेरी केला की क्रिया आपोआप दोघांची होते आणि कर्ता कोण हा प्रश्नच उरत नाही. शिवाय ‘होये गेछे’, म्हणजे होऊन गेलं आहे. कुणी केलं असं नाही, झालं. याच काकिमा जर ‘स्वामी छेडे दियेछे’ म्हणाल्या असत्या तर त्याचा अर्थ नवऱ्यानं टाकलं असा झाला असता. धातू एकच, पण एका रूपात माणूस टाकलेली वस्तू होतो आणि दुसऱ्यात होत नाही. आपल्याकडं याच्या जवळ जाणारा शब्द आहे ‘ताटातूट’, पण त्यात डोळे भरून येतात. तो आई-लेकरांसाठी राखलेला बरा.

मराठीनं ही सोय शब्दात नाही, वाक्यात करून ठेवली आहे. ‘आमचं पटलं नाही.’ या वाक्यात कर्ता शोधून दाखवा. पटलं नाही ते कुणाचं? आमचं. कुणामुळं? वाक्य ते सांगत नाही, आणि सांगत नाही म्हणून ते खोटंही होत नाही. ‘जमलं नाही’, ‘निभलं नाही’, ‘सूर लागला नाही’ ही सगळी त्याच घरातली वाक्यं. याउलट ‘नांदणे’ हे क्रियापद घ्या. ‘ती नांदली नाही’ म्हटलं की दोष बाईचा, ‘त्यानं नांदवलं नाही’ म्हटलं की दोष बुवाचा. नांदण्याच्या क्रियापदाला मधला रस्ता नाही. कोणती क्रियापदं वापरायची एवढं जरी ठरवलं तरी निम्मं काम होतं.

आणि ‘आमचं’ या शब्दाकडंही लक्ष द्या. मराठीत ‘आपलं’ आणि ‘आमचं’ वेगळं आहे. ‘आमचं’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो आणि तो गेलेला माणूस आत राहतो. लग्न मोडल्यावरही त्या एका वाक्यापुरतं दोघांना एका बाजूला उभं राहावं लागतं. मैत्रिणीला सुरुवातीला नेमकं हेच जमत नव्हतं. ती म्हणायची, “त्याच्याबरोबर एका शब्दात तरी कशाला उभी राहू?”

तिचं वाक्य कसं घडत गेलं ते सांगते, कारण ते मी जवळून पाहिलं. निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिच्या फोनच्या स्टेटसवर होतं, ‘काही माणसं आपल्या लायकीची नसतात.’ त्याला ऐंशी जणांनी अंगठे दाखवले आणि तिघांनी फोन करून विचारलं, नक्की काय झालं होतं? दोष ठेवणाऱ्या वाक्याची ही पहिली खूण. ते उत्तर देत नाही, प्रश्न उभे करतं. आरोप केला की पुरावा विचारतातच.

मग महिनाभरानं ती म्हणायला लागली, “मी त्याला माफ केलंय.” ऐकायला उदात्त. पण माफी गुन्ह्याशिवाय कशी असेल? हे वाक्य रेशमी रुमालात गुंडाळलेला आरोपच आहे. मला ते तोंडावर सांगावं लागलं आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर ‘मी आता मोकळी झाले’ आलं. यात दोष दिसत नाही, पण मोकळं व्हायला आधी कैद लागते, आणि तुरुंगाला तुरुंगाधिकारी लागतो. ‘माझा नवा जन्म झालाय’ हे तिच्या मावशीनं सुचवलेलं. त्यात दोष नाही हे खरं, पण घाई आहे. मुलगा आठ वर्षांचा. आईचा नवा जन्म झाला तर त्याचा जन्म कोणत्या जन्मातला?

शेवटी मार्ग सापडला तो कायद्याच्या पुस्तकात, आणि याचं आम्हा दोघींनाही नवल वाटलं. १९५५ च्या कायद्यात मुळात घटस्फोट हवा असेल तर दुसऱ्याचा दोष दाखवावा लागे, जसं की व्यभिचारात राहणं किंवा धर्मांतर. त्याआधी बडोदा संस्थानानं १९३१ मध्ये आणि मुंबई प्रांतानं १९४७ मध्ये हिंदूंसाठी असे कायदे केले होते. १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात कलम १३-ब आलं, परस्परसंमतीचं. त्यात दोघांनी मिळून कोर्टाला तीनच गोष्टी सांगायच्या असतात. आम्ही वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ वेगळे राहतोय. आम्हाला एकत्र राहणं जमलेलं नाही. लग्न संपवावं हे आमच्या दोघांचं ठरलं आहे. बस. ‘का’ हा शब्द त्यात कुठंही नाही. हजारो संसारांचा शेवट झालेलं हे वाक्य कुणा कवीनं लिहिलेलं नाही, पण इतकं सभ्य वाक्य मला दुसरं माहीत नाही.

त्या कलमात वेळेचाही विचार आहे. अर्ज दिला की लगेच निकाल लागत नाही. सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा कोर्टात येऊन सांगायचं की आमचं अजून तेच म्हणणं आहे, आणि तेही पहिल्या अर्जापासून अठरा महिन्यांच्या आत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की समेटाची शक्यताच उरली नसेल, पोटगी आणि मुलांचं सगळं ठरलं असेल, तर हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं. माझ्या मैत्रिणीनं ते माफ करून घेतले नाहीत. वकिलांना तिचा थोडा रागही आला. ती म्हणाली, “लग्न ठरवताना पंधरा दिवस घाई केली होती. मोडताना तरी नको.”

कलम १३-ब चं वाक्य घेऊन आम्ही घरगुती वाक्य तयार केलं. ते असं: “आमचं पटलं नाही. आता वेगवेगळे राहतो. मुलगा दोघांचाही आहे.” पहिल्या तुकड्यात काय झालं, दुसऱ्यात आज काय आहे, तिसऱ्यात काय तसंच राहिलं आहे. आम्ही ते दोनदा पारखून घेतलं. पहिल्यांदा, तो माणूस दाराआड उभा राहून ऐकत असता तर हेच वाक्य याच सुरात बोलता आलं असतं का? दुसऱ्यांदा, मुलानं हे वाक्य शाळेत जाऊन जसंच्या तसं सांगितलं तर चालेल का? ‘लायकी’ दोन्ही वेळा नापास झाली होती, ‘माफी’ पहिल्या वेळी, ‘नवा जन्म’ दुसऱ्या वेळी. हे टिकलं. आणि त्याचा एक उपयोग असा झाला की त्याच्यानंतर लोकांना पुढचा प्रश्न सुचत नाही. एखाद-दुसरा चिकट नातलग विचारतोच, “पण पटलं का नाही?” त्यावर ती म्हणते, “नाही पटलं,” आणि चहा पुढं करते.

आता एक मर्यादा सांगितली पाहिजे, नाहीतर हा सगळा शहाणपणा घातक होईल. घरात मारहाण होत असेल, पैसे काढून घेतले जात असतील, तर ‘पटलं नाही’ हे सभ्य वाक्य नाही, खोटं वाक्य आहे. तिथं म्हणायचं, “मला मारहाण होत होती, म्हणून बाहेर पडले.” हा दोष देणं नव्हे, माहिती देणं आहे. त्या दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर वाक्यात काय आहे ते बघावं. माहितीत क्रिया असते, तारीख असते, जखम असते. दोषात विशेषण असतं. ‘तो राक्षस आहे’ याचा पोलिसांना आणि डॉक्टरांना काही उपयोग नाही. ‘अमुक तारखेला हात पिरगळला’ याचा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा अशा माहितीवरच चालतो. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकूंना मात्र यातलं काहीच देणं लागत नाही.

बागबाजारात राहून हे सगळं बोलताना एका घराचं नाव निघणारच. मायेर बाडी, म्हणजे आईचं घर. रामकृष्णांच्या पत्नी सारदादेवी कोलकात्यात आल्या की राहायच्या ते घर. १९०९ पासून त्या तिथं राहायला लागल्या आणि जुलै १९२० मध्ये त्याच घरात त्यांनी देह ठेवला. जाण्याच्या काही दिवस आधी एक भक्त बाई रडत आली, आता आमचं कसं होणार म्हणून. लोक तिला अन्नपूर्णेची आई म्हणत. सारदादेवींनी तिला जे सांगितलं ते बंगालात घराघरांत माहीत आहे. त्याचा आशय असा की शांती हवी असेल तर दुसऱ्याचे दोष पाहू नयेत, पाहायचेच तर आपले पाहावेत, आणि जगाला आपलंसं करायला शिकावं. परकं कुणी नाही.

काकिमांच्या स्वयंपाकघरात हे छापलेलं कॅलेंडर आहे. मैत्रीण रोज ते वाचायची आणि एक दिवस म्हणाली, “पहिलं पटतं, शेवटचं पटतं, मधलं नाही.” मला तिचं म्हणणं रास्त वाटतं. सारदादेवींनी ते एका भक्त बाईला सांगितलं होतं. पण लग्न नुकतं मोडलेल्या माणसाला स्वतःचे दोष शोधायला कुणी सांगायची गरजच नसते. रात्री तीन वाजता तो तेच करत असतो. दुसऱ्यावरचा दोष उचलून स्वतःवर ठेवला म्हणजे दोष गेला असं होत नाही, फक्त त्याची जागा बदलते. म्हणून या बोलाचा मधला भाग काही वर्षं बाजूला ठेवावा. शेवटचा भाग मात्र पहिल्या दिवसापासून कामाचा आहे. नव्या गावात, नव्या भाषेत, परकं कुणी नाही हे धरून वागलं तर कुणीतरी काकिमा जिन्यात भेटते.

त्या घरात सारदादेवींच्या सोबत सतत वावरलेली एक बाई होती, योगीन-मा. तिची गोष्ट मला या विषयाला सर्वांत जवळची वाटते. जन्म १८५१ चा, बागबाजारातल्या एका डॉक्टरांची मुलगी. लहानपणीच खडदहच्या श्रीमंत बिस्वास घराण्यात दिली. नवऱ्याचं वागणं स्वैर होतं, पैसा उधळला जात होता. तिनं समजावून पाहिलं, उपयोग झाला नाही. तेव्हा हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा नव्हताच. ती आपल्या मुलीला घेऊन बागबाजारला आईच्या घरी परत आली. पुढं याच पेठेत, बलराम बसूंच्या घरी तिची रामकृष्णांशी गाठ पडली, आणि मग सारदादेवींशी. १८९३ मध्ये बेलूरच्या नीलांबर बाबूंच्या बागेतल्या घरात दोघींनी मिळून पंचाग्नी साधन केलं. पुराणकथा तिला इतक्या पाठ होत्या की भगिनी निवेदितांना हिंदू कथांचं मुलांसाठीचं पुस्तक लिहिताना तिचा मोठा आधार झाला, आणि निवेदितांनी तसं नोंदवून ठेवलं. १९२४ मध्ये ती गेली.

तिच्या चरित्रात लग्नाला चार-सहा ओळी मिळतात आणि त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांना बाकीची सगळी पानं. ही वाटणी मला महत्त्वाची वाटते. पण एक गोष्ट नजरेआड करू नये. योगीन-माला परत यायला आईचं घर होतं. छप्पर असलं की माणसाला सभ्य वाक्यं सुचतात. ज्या बाईला माहेरी दार बंद आहे, तिच्याकडून ‘कुणाला दोष न देता’ बोलण्याची अपेक्षा करणाऱ्यांनी आधी तिच्या भाड्याचं बघावं.

राहिली घाईची गोष्ट. घटस्फोटानंतर दोन घाया मागं लागतात. एक, लवकर बरी हो. दुसरी, लवकर दुसरं कर. दोन्हींवर मराठीत आधीच तयार उत्तरं आहेत. पहिलीला ‘पी हळद अन् हो गोरी’. मैत्रिणीच्या मावशीनं एका फोनवर तिसऱ्यांदा ‘अजून रडतेस?’ विचारलं तेव्हा तिनं हे ऐकवलं, आणि मावशी, गोड बाई, हसून गप्प झाली. दुसरीला ‘दुधानं तोंड भाजलं की ताकही फुंकून पितात’. ही म्हण मी या विषयातली सर्वांत सभ्य म्हण मानते. दूध कुणी तापवलं, गरम असताना प्यायला कुणी लावलं, याची ती चौकशी करत नाही. ताकाचीही बदनामी करत नाही. ताक पिणारच नाही असंही म्हणत नाही. पिऊ, पण फुंकून, एवढंच सांगते. स्थळ घेऊन येणाऱ्याला याहून नेमकं काय सांगणार? गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या मध्यस्थांची गोष्ट वेगळी. त्यांना कोणतीच म्हण लागू पडत नाही.

आणि एक म्हण उरते, जी मी बागबाजारला जाईपर्यंत चुकीची समजत होते. ‘झालं गेलं गंगेला मिळालं.’ आपल्याकडं बसून ही म्हण वापरताना वाटतं, गंगेला मिळालं म्हणजे वाहून गेलं, संपलं. नाशिकला गोदावरीत सोडलेला दिवा एकाच दिशेनं जातो. पण बागबाजारच्या घाटावर गंगेला समुद्राची भरती लागते. दिवसातून दोनदा पाणी उलटं फिरतं आणि दक्षिणेकडं निघालेली नदी उत्तरेला वाहायला लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास कधी कधी भरतीची लाट भिंतीसारखी आत येते, तिला तिथं बान म्हणतात. दुर्गेचं विसर्जन झालं की सोडलेले हार, पेंढ्याचे तुकडे, मुकुटाचा कागद हे सगळं खाली गेलेलं असतं आणि तासाभरात परत घाटाशी येऊन लागलेलं दिसतं. भरती थोडा वेळ चालते, ओहोटी त्याहून जास्त वेळ. म्हणून जे सोडलं ते शेवटी समुद्राकडं जातं खरं, पण मागं-पुढं करत, कित्येक फेऱ्यांनी.

मी गेले तेव्हा संध्याकाळी आम्ही तिघं घाटावर बसलो होतो. मागून चक्ररेलची लोकल कर्कश शिट्टी देत गेली. मुलानं वहीच्या कागदाची होडी सोडली. ती दक्षिणेला जाईल म्हणून तो हावडा पुलाकडं तोंड करून उभा राहिला, आणि होडी त्याच्या पाठीमागून काशीपूरच्या दिशेनं निघाली.

“आई, ही उलटी चाललीय.”

“भरती आहे. थांब जरा.”

“किती वेळ?”

मैत्रिणीनं घाटावरच्या फुलवाल्याला तिच्या मोडक्या बंगालीत विचारलं. त्यानं पाण्याकडं पाहिलं, मग वरच्या पायरीकडं पाहिलं, आणि सांगितलं की अजून दोन पायऱ्या बुडतील, मग वळेल. मुलगा पायऱ्या मोजायला खाली गेला. आम्ही मुरीची पुडी सोडली.